अल्टरनेटर शिट्टी (मोटारीतील ऑक्स केबलचा गोंगाट)

फोन चार्जरला जोडलेला असताना ऑक्स केबलमधून गाणी लावल्यावर मोटारीच्या स्पीकरमधून येणारी बारीक, चिरका स्वर असलेली शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते, सोडला की उतरते.

स्वराचे मूळ अल्टरनेटरमध्ये आहे. तो त्रिकला प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो. सहा डायोड ती एकदिश करतात, पण तीत बारीक तरंग उरतात. प्रचलित बारा ध्रुवी अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात असे ३६ तरंग येतात. पुलीमुळे तो इंजिनाच्या अडीचपट फिरतो असे धरले, तर ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला अल्टरनेटर मिनिटाला २,०००, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेरे घेतो आणि १,२०० हर्ट्झचा स्वर उमटतो. इंजिन २,४०० फेऱ्यांवर गेले की तोच ३,६०० हर्ट्झ होतो. पुलीचे प्रमाण व ध्रुवसंख्या गाडीगणिक बदलत असल्याने हे आकडे नमुन्यादाखलच घ्यावेत.

हे तरंग ध्वनिमार्गात कसे शिरतात, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एकानुसार लायटर सॉकेट आणि स्टिरिओ यांची अर्थिंग बॉडीवर निरनिराळ्या जागी असल्याने त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. दुसऱ्यानुसार फोनच्या चार्जिंगची परतीची विजधाराच दोन वाटांनी विभागते: काही चार्जरच्या ऋण तारेने, काही ऑक्स केबलच्या तारांभोवतीच्या जाळीतून, जी तिची ऋण बाजू असते. ऋण बाजूंच्या अशा बंद वळशाला ग्राउंड लूप म्हणतात. गाडीच्या साध्या चार्जरमध्ये आत-बाहेरची ऋण बाजू एकच असते, त्यामुळे दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. प्रत्यक्षात दोन्ही एकत्रही असू शकतात. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि तीतून जाणाऱ्या धारेतील तरंग १० मिलिअँपिअर मानला, तरी १ मिलिव्होल्ट गोंगाट थेट गाण्यात मिसळतो. गाण्याच्या शांत जागी तो ऐकू येतो.

ग्राउंड लूप आयसोलेटर ही ऑक्सच्या मार्गात बसणारी छोटी डबी. तिच्यात डाव्या-उजव्या वाहिनीसाठी एकेक १:१ ध्वनि-ट्रान्सफॉर्मर असतो. गाणे चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. दोन्हीकडची जाळी मात्र एकमेकींना जोडलेली नसते, त्यामुळे परतीच्या धारेची ती वाट बंद होते आणि वरील दोन्ही कारणांवर इलाज होतो. तिला वेगळा वीजपुरवठा लागत नाही. स्वस्त डबीतील गाभा लहान असल्याने मोठ्या आवाजात तो संपृक्त होतो, तेव्हा ढोलकीचा धुमाका पोकळ किंवा फाटका वाटतो.

डबी घेण्याआधी इंजिन चालू ठेवून फोनमधून चार्जरची तार काढावी. शिट्टी थांबली तर लूपच कारण. ऑक्स काढूनही ती येतच राहिली, तर दोष स्टिरिओच्या वीजपुरवठ्यात, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा अल्टरनेटरच्या डायोडमध्ये शोधावा लागतो. तिथे आयसोलेटरचा काही उपयोग नाही.