संचालकाची भरपाई कंपनीने कुठवर करायची?

लातूर, धाराशिव, बीडकडे शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आणि काल-परवापर्यंत केवळ सोयाबीन पिकवणारी माणसे संचालक म्हणून कागदोपत्री आली. कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने अशा कंपन्या कायद्यात आल्या. त्यांच्या नियमावलीत बहुधा एक वाक्य असते: संचालकावर काही बालंट आले, तर खर्च कंपनी सोसेल. वाक्य धीर देणारे आहे, पण कायदा त्याला एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. ही मर्यादा कुठून आली, ते समजून घ्यायला हवे.

तिचे मूळ लंडनमध्ये आहे. सिटी इक्विटेबल फायर ही विमा कंपनी १९२२ मध्ये बुडाली. अध्यक्ष जेरार्ड बेव्हन फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला, पण बाकीच्या संचालकांचे काय? त्यांची निष्काळजी काही बाबतींत न्यायालयाने मान्य केली. तरीही ते सुटले, कारण जाणूनबुजून केलेली कसूर सोडून अन्य कशाचीही जबाबदारी संचालकावर नाही, असे कंपनीच्याच नियमावलीत लिहिले होते. ज्यांच्यावर अंकुश हवा, त्यांनाच अशा कलमाने सूट मिळत होती. कंपनी कायद्याचा आढावा घेणाऱ्या ग्रीन समितीने ते हेरले आणि १९२८-२९ च्या इंग्लिश कायद्याने अशी कलमे निरर्थक ठरवली.

भारताने १९३६ मध्ये तीच तरतूद १९१३ च्या कायद्यात ८६-सी म्हणून घातली. मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा इथे चालत नव्हता. पुढे १९५६ चा कायदा आला आणि त्याच्या कलम २०१ ने हीच रेषा स्पष्टपणे आखली. निष्काळजी, कर्तव्यभंग, विश्वासभंग यांतून सूट देणारी किंवा त्याची भरपाई करणारी कोणतीही अट रद्दबातल. अपवाद एवढाच की खटला लढवून संचालक निर्दोष सुटला किंवा न्यायालयाने त्याला माफी दिली, तर बचावाचा खर्च कंपनी देऊ शकते.

२०१३ च्या कायद्याने हे कलम गाळले. म्हणून रान मोकळे झाले, असे समजणे मला धोक्याचे वाटते. नमुना नियमावलीत, म्हणजे ‘टेबल एफ’मध्ये, भरपाई आजही त्याच जुन्या मोजमापाची आहे: निकाल बाजूने लागला, सुटका झाली किंवा न्यायालयाने दिलासा दिला तरच. शिवाय फसवणुकीची भरपाई करण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरून करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातील एका उत्पादक कंपनीचा खत पुरवठादाराला दिलेला चेक वटला नाही आणि त्याने सगळ्या संचालकांना आरोपी केले. त्यांतल्या एक ताई रोजच्या व्यवहारात नव्हत्या, चेकवर त्यांची सहीही नव्हती. त्या निर्दोष सुटल्या. वकिलाचे ६०,००० रुपये झाले. नियमावलीत तरतूद असेल, तर हे पैसे कंपनीने देणे रास्त आणि कायदेशीर आहे. खटला चालू असताना उचल दिली असेल, तर दोषी ठरल्यास ती परत करण्याचे लेखी वचन आधीच घ्यावे.

आता त्याच मंडळाने एका सहसंचालकाला ५ लाखांचे कर्ज मंजूर केले. उत्पादक कंपनीत संचालकाला किंवा त्याच्या नातलगाला कर्ज द्यायचे, तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. इथे ती घेतलीच नाही, आणि पैसे बुडाले. २०१३ च्या कायद्याच्या कलम ३७८-टी नुसार ठरावाच्या बाजूने मत देणारे संचालक, या ताईंसह, संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या ते नुकसान भरून देण्यास बांधील आहेत. हे पैसे घ्यायचे आहेत खुद्द कंपनीला. कंपनीने तेच संचालकांना भरून दिले, तर या खिशातले त्या खिशात जातील आणि तोटा उरेल सभासदांच्या माथी. म्हणून कंपनीलाच देणे असलेली रक्कम, गैरमार्गाने मिळवलेला नफा आणि वैयक्तिक शिक्षा म्हणून झालेला दंड या गोष्टी भरपाईत बसत नाहीत. कंपनी निबंधक दंडाच्या आदेशात ‘अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशातून भरावा’ असे मुद्दाम लिहितात, ते याचसाठी.

विम्याचा रस्ता मात्र थोडा रुंद आहे. कलम १९७(१३) नुसार कंपनीने व्यवस्थापकीय संचालक, सीईओ, कंपनी सचिव अशांसाठी निष्काळजी किंवा कर्तव्यभंगाच्या जबाबदारीचा विमा काढला, तर हप्ता पगारात धरत नाहीत. दोषी ठरल्यास मात्र तो पगारात धरला जातो. सेबीने २०१८ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० आणि २०२२ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी असा विमा सक्तीचा केला. सोयाबीन खरेदी करणाऱ्या आपल्या कंपन्यांवर ती सक्ती नाही. अप्रामाणिकपणा अंतिम निकालात सिद्ध झाला, तर या पॉलिसीही सहसा हात वर करतात.

ताईंसारख्या संचालकाने ठरावाला विरोध असेल तर तो बैठकीतच बोलून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, कारण ३७८-टी चा भार बाजूने मत देणाऱ्यावर येतो. आणि मत देऊन बसलेला माणूस प्रामाणिकपणे, समंजसपणे वागला होता असे न्यायालयाला पटले, तर कलम ४६३ खाली ते त्याला पूर्ण किंवा अंशतः मोकळे करू शकते. ती माफी न्यायालयाने द्यायची असते, कंपनीच्या ठरावाने मिळत नाही.