गुप्तहेर अनुमान-खेळ

पुरावे समोर ठेवून त्यांची सांगड घालण्याचे काम खेळाडूवरच सोपवणारा खेळप्रकार. रहस्यप्रधान व्हिडिओ गेम पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांत खेळाडू फक्त वस्तू गोळा करतो आणि त्यांचा अर्थ पडद्यावरचा गुप्तहेर सांगतो. अनुमान-खेळात हा अर्थ आधी खेळाडूच्या डोक्यात तयार व्हावा लागतो. ही सीमारेषा मात्र काटेकोर नाही.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. अँटनी प्रॅट या इंग्रज गृहस्थाने १९४४ च्या सुमारास कल्पिलेला व १९४९ मध्ये बाजारात आलेला ‘क्लुएडो’ हा पटावरचा खेळ अनेकजण पहिला धरतात. त्यात खुनी, हत्यार आणि खोली ठरवायची असते. परंतु ती ठरते कोणाच्या हातात कोणते पत्ते नाहीत यावरून. पुरावा वाचून नव्हे. त्यामुळे त्याला वजाबाकीचा खेळ म्हणणे अधिक योग्य. त्याआधी १९३६ पासून डेनिस व्हीटली व जे. जी. लिंक्स यांनी काढलेल्या खून-संचिकांत तारा, जबान्या, छायाचित्रे आणि खऱ्याखुऱ्या वस्तूही असत, व उत्तर शेवटच्या मोहोरबंद पानांत असे. खेळ म्हणून त्यांची गणना क्वचितच होते, तरी आजच्या अनुमान-खेळांचे नाते त्यांच्याशीच जवळचे दिसते. संगणकावर १९८० च्या ‘मिस्टरी हाउस’ला पहिलेपणाचा मान देतात. तपास हाच गाभा असलेला खेळ मात्र मार्क ब्लँक यांचा ‘डेडलाइन’ (१९८२) होय, असे मानण्याकडे कल आहे. त्याच्या खोक्यातही पोलिसी जबान्या व प्रयोगशाळेचा अहवाल छापील स्वरूपात मिळत असे. जपानमध्ये युजी होरी यांचा पोर्टोपिया येथील खुनांच्या मालिकेवरचा खेळ १९८३ मध्ये आला.

पडताळणीचा प्रश्न : व्हीटलींच्या वाचकाला आपले उत्तर कोणालाही सांगावे लागत नसे. संगणकाला मात्र ते तपासायचे असते, आणि डोक्यातला तर्क त्याला दिसत नाही. म्हणून खेळाडूने निष्कर्ष कोणत्या तरी ठरावीक साच्यात नोंदवावा लागतो. या प्रकारातल्या बहुतेक अडचणी येथूनच निघतात. साच्यात तीनच पर्याय असले, तर विचार न करताही उत्तर सापडते. साचा अगदी मोकळा ठेवला, तर बरोबर विचार करणाऱ्यालाही तो खेळाला पटेल अशा रीतीने मांडता येत नाही. खेळ बोट धरून चालवतो की अंधारात सोडतो, हे रहस्याच्या गुंतागुंतीपेक्षा या साच्यावर अधिक अवलंबून असते.

ओब्रा डिनचे उदाहरण : लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय. ईस्ट इंडिया कंपनीचे एक हरवलेले जहाज १८०७ मध्ये रिकामे परत येते आणि कंपनीचा विमा-निरीक्षक त्यावर चढतो. जहाजावर साठ माणसे होती. प्रत्येकाचे नाव, त्याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे एका वहीत भरायचे असते. प्रेताजवळ नेल्यास मृत्यूचा क्षण गोठवून दाखवणारे घड्याळ हे तपासाचे साधन. वहीत जहाजावरच्या लोकांची यादी आहे. तीत क्रमांक, नाव, हुद्दा आणि देश दिलेला असतो. चेहरे वेगळ्या रेखाचित्रांत आहेत. चेहऱ्याशी नाव कोठेही जोडलेले नाही.

पोप यांनी पडताळणी तिनाच्या गटाने ठेवली. तीन माणसांची नोंद पूर्ण बरोबर झाली, की ती तिन्ही एकदम छापील होतात. एक किंवा दोन बरोबर असतील तर वही गप्प राहते. त्यामुळे एकेक नाव बदलून पाहण्याची वाट बरीचशी बंद होते. पुरेशी माहिती समोर येईपर्यंत चित्रातला चेहरा धूसर राहतो. म्हणजे ‘आता ओळखता येईल’ एवढेच खेळ सांगतो, कसे ते सांगत नाही. मृत्यूचे कारण संदिग्ध असेल तेथे एकाहून अधिक उत्तरे मान्य होतात. ही सवलत सहसा लक्षात येत नाही, पण तिच्यावाचून वही छळवादी झाली असती.

तरीही ही रचना निर्दोष नाही. चार चिनी खलाशांचे प्रकरण नेहमी पुढे येते. शिडे सांभाळणाऱ्यांत चिनी चौघेच, त्यामुळे साठांतून चारांपर्यंत पोचणे सोपे. पुढे मात्र हुद्दा तोच, देश तोच. उरलेला दुवा असा की एका दृश्यात खलाशी टांगत्या झोळ्यांत झोपलेले आहेत, झोळ्यांवर यादीतले क्रमांक आहेत आणि झोळीबाहेर पाय दिसतात. ती पादत्राणे लक्षात ठेवून दुसऱ्या दृश्यांतल्या माणसांशी जुळवायची. पुरावा समोर आहे, तर्कही सरळ आहे. पण झोळीवरचा क्रमांक हा पुरावा असू शकतो, हे आधी सुचावे लागते. ज्यांना सुचत नाही ते अदलाबदल करू लागतात. चौघांना चार नावे वाटण्याचे चोवीस प्रकार होतात. परंतु दुसऱ्या दोन नोंदी पक्क्या असतील आणि तिसऱ्या जागी यांतला एकच ठेवला (त्याच्या अंताची नोंद बरोबर धरून), तर चौथ्या प्रयत्नापर्यंत उत्तर सापडतेच. तिनाचे कुलूप येथे सैल पडते. याला दुर्बोधता म्हणावे की निरीक्षणाची कसोटी, यावर मते वेगळी आहेत. अशा खलाशांकडे जहाज केवळ क्रमांक म्हणून पाहत होते, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक पटते.

बोट धरण्याचे प्रकार : ‘एल. ए. नॉयर’ (२०११) मध्ये पुराव्याजवळ जाताच संगीताचा इशारा मिळतो आणि जागेवर काही उरले नाही की संगीत थांबते. शोध त्यामुळे हजेरी लावण्यापुरता उरतो. त्याच खेळात उलटा दोषही आहे. जबानीवर ‘खरे’, ‘शंका’ किंवा ‘खोटे’ यांपैकी एक निवडायचे, पण ‘शंका’ निवडल्यावर नायक नेमके काय बोलेल, हे आधी कळत नाही. खेळाडूला सौम्य प्रश्न विचारायचा असतो आणि नायक आरोप करून मोकळा होतो. २०१७ च्या आवृत्तीत पर्यायांची नावे बदलली, त्यावरून ही अडचण निर्मात्यांनाही जाणवली असावी. शू ताकुमी यांच्या ‘एस अटर्नी’ मालिकेत (२००१ पासून) वेगळीच कुचंबणा होते : खेळाडूला खुनी कळलेला असतो, पण वकिलाला अजून कळलेला नसतो. योग्य पुरावा एक जबानी आधी दाखवला, तर तो चूक ठरून दंड होतो.

गाळलेल्या जागा : क्लाविंश बंधूंच्या ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ (२०२२) या लॅटव्हियन खेळात दृश्यातून शब्द गोळा करून घटनेच्या वर्णनातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात. वाक्याची घडण स्वतःच सूचक ठरते : ‘अमुकाने अमुकाला अमुक दिले’ असे दिसताच देवघेव झाली, हे न शोधताच समजते. सर्व जागा भरल्यावर खेळ फार तर ‘दोन किंवा त्याहून कमी चुका’ इतके सांगतो. तीन चुका असल्या तर उत्तराच्या किती जवळ आहोत हे कळत नाही, पण तो संदेश एकदा दिसला की एकेक शब्द फिरवण्याचा मोह होतोच. दुसऱ्या टोकाला सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ (२०१५) आहे. पोलिसी जबान्यांच्या ध्वनिचित्रफिती शब्द टंकून शोधायच्या. प्रत्येक शोधाला कालक्रमाने पहिल्या पाचच फिती उघडतात. येथे निष्कर्ष तपासणारा साचाच नाही. खेळाडू समाधान झाले की उठून जातो, आणि त्याने काय ठरवले हे खेळ विचारत नाही.