जेंटामायसिन, नवजात अर्भकांतील : दिवसातून एकदा मात्रा

नवजात अर्भकाला जंतुसंसर्गाची शंका आल्यावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची संपूर्ण मात्रा एकाच वेळी, २४ तासांच्या किंवा त्याहून मोठ्या अंतराने देण्याची पद्धती. ‘दिवसातून एकदा’ हे नाव रूढ असले तरी पहिल्या आठवड्यात आणि अकाली जन्मलेल्या बाळांत हे अंतर बहुधा ३६, कधी ४८ तासांचे असते. त्यामुळे ‘वाढीव अंतराची मात्रा’ हे नाव अधिक नेमके ठरते. हे औषध सहसा ॲम्पिसिलिन किंवा बेंझिलपेनिसिलिनच्या जोडीने दिले जाते.

जेंटामायसिनचा शोध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर बराच काळ नवजातांना दर १२ तासांनी, सुमारे २.५ मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. अशी मात्रा देण्याची प्रथा होती. प्रौढांत एकवेळच्या मात्रेकडे कल साधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वळला. नवजातांतील तुलनात्मक चाचण्या मुख्यत्वे १९९० च्या दशकापासूनच्या आहेत.

या बदलामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिल्याबद्दल फारसे दुमत नाही. हे औषध जंतूंना किती मारते ते रक्तातील सर्वोच्च पातळीवर अवलंबून असते, आणि पातळी उतरल्यावरही जंतूंची वाढ काही तास थोपलेली राहते. दुसरे कारण मूत्रपिंडाचे, आणि चर्चा मुख्यतः त्यावरच आहे. मूत्रपिंडाने गाळलेले औषध तेथील समीपस्थ, म्हणजे गाळणीलगतच्या, नलिकेच्या पेशी मेगॅलिन या प्रथिनामार्फत आत ओढून घेतात. तेथे ते लायसोसोम या पेशीतील पिशव्यांत साचते आणि पेशी निकामी करते. ही ओढून घेण्याची क्षमता मर्यादित आहे. रक्तातील पातळी खूप वाढली तरी पेशी त्या प्रमाणात जास्त औषध घेत नाहीत. उलट मध्यम पातळी सतत टिकली तर त्या सतत भरत राहतात. मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रौढ रुग्णांना तेवढेच औषध एकदम किंवा २४ तास संथपणे देऊन, काढलेल्या ऊतीत त्याचे प्रमाण मोजले गेले. एकदम दिलेल्या रुग्णांत ते कमी भरले. नवजातांसाठीचा युक्तिवाद बऱ्याच अंशी अशा प्रौढांतील आणि प्राण्यांतील निरीक्षणांवर उभा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

नवजातांतील थेट पुरावा त्यामानाने मर्यादित आहे. ११ चाचण्या आणि ५७४ बाळांच्या निष्कर्षांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत एकवेळच्या मात्रेने अपेक्षित शिखर पातळी, म्हणजे मात्रेनंतरची सर्वोच्च, आणि तळ पातळी, म्हणजे पुढच्या मात्रेआधीची सर्वांत कमी, अधिक वेळा गाठली गेली. संसर्ग बरा होणे, मूत्रपिंडाची इजा आणि श्रवणदोष यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणून ‘ही पद्धती मूत्रपिंड वाचवते’ असे म्हणण्यापेक्षा ‘ती योग्य पातळी सहज गाठून देते आणि अधिक अपाय करत नाही’ एवढेच म्हणणे सयुक्तिक वाटते.

मात्रा वजनावर ठरते, अंतर मूत्रपिंडाच्या परिपक्वतेवर. नवजाताच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने औषध जास्त जागेत पसरते. म्हणून प्रति किलो मात्रा लहान ठेवली तर शिखर पातळी बसकी राहते. त्याच वेळी गाळण्याची क्षमता कमी असते, आणि मूत्रपिंडाची नवी गाळणी-एकके गर्भाच्या सुमारे ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत घडतच असतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका सुरुवातीला सरसकट ५ मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ., दर ३६ तासांनी सांगते. इतर काही पुस्तिका गर्भवय आणि जन्मानंतरचे दिवस यांनुसार ४ ते ५ मि.ग्रॅ. आणि २४ ते ४८ तास असे तक्ते देतात. जागतिक आरोग्य संघटनेची खिसापुस्तिका पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा ५ मि.ग्रॅ., कमी वजनाच्या बाळाला ३ मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. देते. अत्यंत लहान बाळात मात्रा कापण्यापेक्षा अंतर वाढवणे शरीरक्रियेला धरून आहे. रक्तातील पातळी मोजण्याची सोय नसते तेथे मात्र कमी मात्रेची सावधगिरी समजण्याजोगी आहे.

उदाहरणार्थ, गर्भाच्या ३० आठवड्यांना जन्मलेले, १,२४० ग्रॅम वजनाचे बाळ घेऊ. ५ मि.ग्रॅ. प्रमाणे मात्रा ६.२ मि.ग्रॅ. होते. भारतात सर्रास मिळणाऱ्या ४० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. कुपीतून हे जेमतेम ०.१६ मि.लि. भरते, आणि सुईच्या बुडाशी राहणारा थेंबही येथे मोठी चूक ठरतो. म्हणून १ मि.लि. औषधात ३ मि.लि. सलाइन घालून १० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. द्रावण करतात, त्यातून ०.६२ मि.लि. घेतात. पातळ करायचे राहून तेवढेच भरले तर चौपट औषध जाते. पेनिसिलिन गटातील औषध त्याच सिरिंजमध्ये मिसळत नाहीत, कारण ते जेंटामायसिन निष्प्रभ करते.

समजा, मात्रा सोमवारी सकाळी ८ वाजता दिली. ९ वाजता, म्हणजे तासाभराने, पातळी ९.६ मि.ग्रॅ. प्रति लिटर आली आणि मंगळवारी सकाळी ६ वाजता २.४. २१ तासांत पातळी चतुर्थांश झाली, म्हणजे दोनदा निम्मी झाली. अर्धायुकाल साडेदहा तासांचा. या गतीने ती १ वर मंगळवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास येईल. ८ वाजताची, म्हणजे ३६ तासांनंतरची मात्रा योग्य ठरते. मंगळवारी सकाळी ८ ला दिली असती तर २.१ शिल्लक असतानाच नवे औषध चढले असते. मात्र हे गणित वेळेच्या नोंदीवर उभे आहे. दुसरा नमुना खरे तर रात्री २ वाजता काढला आणि ‘६’ असे लिहिले, तर ३ च्या वर पातळी दिसेल आणि पुढची मात्रा विनाकारण लांबेल. औषध गेले त्याच नळीतून रक्त काढले तरी आकडा फसवा, चढा येतो.

नेहमीच्या वापरात दोन नमुने लागत नाहीत. नाइसच्या सूचनेनुसार दुसऱ्या मात्रेच्या लगेच आधी तळ पातळी घेतात. ती २ मि.ग्रॅ. प्रति लिटरपेक्षा कमी हवी, आणि तीनहून अधिक मात्रा द्यायच्या असतील तर १ पेक्षा कमी. मूत्रपिंड ठीक असेल तर अहवालाच्या प्रतीक्षेत पुढची मात्रा रोखत नाहीत. शिखर पातळी ग्रॅम-ऋण जंतूंचा संसर्ग, लागण आटोक्यात न येणे अशा निवडक प्रसंगी पाहतात. ती ८ च्या खाली असेल तर मात्रा वाढवण्याचा विचार होतो.

मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनवर पहिल्या दिवसांत विसंबता येत नाही, कारण त्यात आईच्या रक्तातून आलेला भाग असतो. ते हळूहळू उतरायला हवे; उतरण्याऐवजी स्थिर राहिले किंवा चढले तर ती इजेची खूण मानावी. जेंटामायसिनच्या इजेत लघवीचे प्रमाण पुष्कळदा कमी होतच नाही, म्हणून ओला लंगोट पाहून निश्चिंत होणे धोक्याचे. चढती तळ पातळी हीच अनेकदा आधी दिसते. हृदयाजवळची, जन्मानंतर उघडी राहिलेली धमनी-नलिका बंद करण्यासाठी दिलेले इंडोमेथॅसिन किंवा आयबुप्रोफेन, सोबतचे व्हँकोमायसिन किंवा ॲम्फोटेरिसिन, जन्मवेळच्या गुदमरीनंतरची शीतोपचार पद्धती, या सर्वांत औषध रेंगाळते किंवा इजेची भर पडते. तेथे अंतर आधीच वाढवून पातळी लवकर मोजतात. सर्वांत परिणामकारक संरक्षण म्हणजे अनावश्यक मात्रा टाळणे. रक्तकल्चर निगेटिव्ह आणि बाळ ठणठणीत असेल तर ३६ तासांनी औषध थांबवण्याचा विचार करावा, अशी नाइसची शिफारस आहे.

श्रवणहानीचा प्रश्न वेगळा आहे. मायटोकाँड्रियाच्या डीएनएत १५५५ क्रमांकावरील बदल असलेल्या बाळात पातळी योग्य राहूनही बहिरेपण येऊ शकते.

रुग्णालयाबाहेर हा पातळीचा हिशेब शक्य नसतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या घरोघरच्या नवजात सेवेत गावातल्या आरोग्यदूतांनी जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, रुग्णालयात नेणे शक्य नसलेल्या बाळांसाठी जेंटामायसिन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन यांचा उपचार मान्य केला. अशा ठिकाणी वजन नीट मोजणे आणि ठरलेल्या दिवसांपलीकडे इंजेक्शन न देणे, एवढेच नियंत्रण हाती उरते.