कन्सोलमधे दोन वेगवेगळे फॉर्म का? कंटेंट रेटिंग आणि टार्गेट ऑडियन्सची पार्श्वभूमी

लहान मुलांचं ॲप प्ले कन्सोलवर टाकताना बरेच जण एका ठिकाणी थबकतात, की बाबा कंटेंट रेटिंगमधे 3+ मिळालंय, मग टार्गेट ऑडियन्समधे परत वय का विचारतायत? दिसायला प्रश्न एकच, पण हे दोन फॉर्म दोन वेगळ्या भांडणांतून आलेत, आणि ती भांडणं माहीत असली की काय भरायचं ते बऱ्यापैकी कळतं.

रेटिंगचं भांडण व्हिडिओ गेम्सचं. 1993 च्या डिसेंबरमधे अमेरिकन सिनेटमधे मॉर्टल कॉम्बॅट, नाइट ट्रॅप असल्या गेम्समधल्या हिंसेवर सुनावणी झाली, सरकार कायदा आणेल या धास्तीने गेम कंपन्यांनी 1994 मधे स्वतःचंच ईएसआरबी नावाचं रेटिंग मंडळ काढलं. मग युरोपात पेगी आलं, इतर देशांतही अशा संस्था होत्याच. पण रोज हजारो ॲप्स यायला लागल्यावर माणसं बसवून प्रत्येक ॲप बघणं शक्यच नव्हतं, म्हणून या संस्थांनी मिळून आयएआरसी केलं: डेव्हलपरने एकच प्रश्नावली भरायची, प्रत्येक संस्थेच्या नियमानुसार रेटिंग आपोआप निघतं. प्ले स्टोअरने ते 2015 मधे घेतलं. त्याआधी डेव्हलपर स्वतःच एव्हरीवन, लो मॅच्युरिटी वगैरे टिक करायचा, म्हणजे सगळा विश्वासाचा मामला. मुद्दा हा की ही प्रश्नावली फक्त ॲपमधे काय दिसतं आणि काय करता येतं ते विचारते: हिंसा, शिव्या, जुगार, युजर एकमेकांशी बोलतात का, लोकेशन शेअर होतं का. 3+ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाने पाहिलं तरी हरकत नाही, एवढंच. कॅल्क्युलेटरलाही 3+ मिळतं, म्हणून काय तो बालवाडीसाठी बनलाय का!

दुसरं भांडण प्रायव्हसीचं. अमेरिकेत 1998 मधे कोपा कायदा झाला, 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही असा. 2013 मधे त्याचे नियम वाढवले आणि डिव्हाइसला चिकटलेले आयडीसुद्धा वैयक्तिक माहितीत धरले, आणि मुलांच्या ॲप्सची खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण नाव-गाव काही न विचारणारं साधं ॲपही जाहिरातीच्या एसडीकेमधून आयडी पाठवतच असतं. 2015 मधे प्ले वर डिझाइन्ड फॉर फॅमिलीज ही मुलांच्या ॲप्ससाठीची योजना आली, पण तिच्यात जायचं की नाही हे डेव्हलपरच्या मर्जीवर. 2018 मधे संशोधकांनी 5,855 फुकट लहान मुलांची ॲप्स तपासली तर निम्म्याहून जास्त ॲप्स कोपा मोडत असावीत असं दिसलं, त्याच वर्षअखेर ग्राहक आणि बालहक्क संघटनांनी अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार केली. मे 2019 मधे गुगलने नवीन धोरण जाहीर केलं आणि मग टार्गेट ऑडियन्स हा फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागला, मुलांचं ॲप नसलं तरी.

आता प्रत्यक्ष बघू. समजा अक्षरओळखीचं ॲप आहे, 4 ते 8 वयासाठी, खाली बॅनर जाहिरात. रेटिंगमधे सगळं नाही-नाही म्हणत 3+ आलं. टार्गेट ऑडियन्समधे 5 आणि त्याखालचे, 6-8 हे दोन गट निवडायचे. इथे काही जण पालकही वापरतात म्हणून 18+ पण टिक करतात, आणि तिथेच गडबड होते, कारण मग ॲप मिश्र वयाचं ठरतं आणि जाहिरातींसाठी वय विचारणारी तटस्थ स्क्रीन लावावी लागते किंवा मग सगळ्यांनाच मूल समजून वागवावं लागतं. पालक फोन हातात देतात म्हणून ते ऑडियन्स होत नाहीत. उलट्या बाजूने फक्त 13+ निवडून सुटायचा प्रयत्नही चालत नाही, आयकॉनवर कार्टून हत्ती आणि वर्णनात "मुलांसाठी" असेल तर रिव्ह्यूमधे अडकतंच.

फक्त मुलांचे गट निवडले की जाहिरातीचा एसडीके गुगलच्या फॅमिलीज यादीतलाच हवा, आणि जाहिरात आयडी मुलांकडून पाठवायचा नाही. गंमत अशी की हा आयडी वाचायची परमिशन तुम्ही मॅनिफेस्टमधे लिहिलेलीच नसते, एसडीकेच्या मॅनिफेस्टमधून ती मर्ज होऊन येते, त्यामुळे स्वतःची फाइल कितीही वाचली तरी दिसत नाही. अँड्रॉइड स्टुडिओत Merged Manifest टॅब उघडून बघा, असेल तर काढून टाका:

```xml
<uses-permission
  android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
  tools:node="remove" />
```

वरच्या manifest टॅगमधे xmlns:tools असायला हवं, नाहीतर बिल्डच होणार नाही. आणि पुढे कधी मुलांना एकमेकांशी चॅट करता येईल असं फीचर टाकलंत तर रेटिंगची प्रश्नावली परत भरावी लागते, जुनी उत्तरं तशीच ठेवून अपडेट रेटायचं नाही.