कलर ग्रेडिंग : तांत्रिक दुरुस्ती, लुक आणि स्कोपचे वाचन

चित्रित झालेल्या दृश्यांची प्रकाशमानता आणि रंग संकलनानंतर ठरवून बदलण्याच्या कामाला कलर ग्रेडिंग म्हणतात. या कामाचे दोन भाग पडतात. पहिला तांत्रिक दुरुस्तीचा : कॅमेऱ्याची सेटिंग, दिवे किंवा लेन्स यांच्यामुळे आलेला दोष काढून प्रत्येक शॉट एका समान पायावर आणणे. दुसरा लुकचा : त्या पायावर कथेला साजेशी रंगछटा जाणूनबुजून चढवणे. दुरुस्तीत बरोबर-चूक बऱ्याच अंशी मोजता येते. लुकमध्ये ते मोजता येत नाही. दोन्ही कामे एकाच पायरीत उरकली, तर पुढे बिघडलेला शॉट कुठे बिघडला हे शोधणे अवघड होते.

मोजण्यासाठी स्कोप, म्हणजे चित्राची प्रकाशमानता आणि रंग आलेखात दाखवणारी साधने, लागतात, कारण डोळा या कामात फसवा आहे. पिवळसर चित्राकडे काही मिनिटे पाहत राहिले की डोळा त्यालाच पांढरे मानू लागतो. वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप अशी सवय लावून घेत नाहीत.

वेव्हफॉर्ममध्ये डावी-उजवी बाजू चित्रातल्या डाव्या-उजव्या बाजूशी जुळते. उंची मात्र चित्रातली उंची नसून प्रकाशमानता असते. खाली 0 म्हणजे काळे, वर 100 म्हणजे पांढरे. 10 बिटच्या काही सॉफ्टवेअरमध्ये हीच पट्टी 0 ते 1023 अशी दिसते. चित्राच्या डाव्या बाजूला खिडकी असेल तर आलेखाच्या डाव्या बाजूचा ठिपक्यांचा झुबका वर चढतो. मात्र ती खिडकी चित्रात वर आहे की खाली, हे आलेख सांगत नाही. लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांचे आलेख शेजारी शेजारी मांडले की त्याला परेड म्हणतात, आणि रंगाची दुरुस्ती प्रत्यक्षात परेड पाहूनच होते. पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या वस्तूचे तिन्ही आलेख एका उंचीवर यायला हवेत.

व्हेक्टरस्कोप फक्त रंग दाखवतो, प्रकाशमानता नाही. वर्तुळाच्या केंद्रात रंगहीन छटा बसतात. केंद्रापासूनची दिशा म्हणजे कोणता रंग, आणि अंतर म्हणजे तो किती गडद, म्हणजे किती भडक. लाल आणि पिवळा यांच्यामधून जाणारी एक तिरकी रेषा त्वचेची म्हणून ओळखली जाते. माणसांची त्वचा उजळ असो वा सावळी, तिच्या रंगाची दिशा या रेषेच्या आसपासच राहते. फरक पडतो तो मुख्यतः प्रकाशमानतेत आणि थोडा गडदपणात. म्हणून सावळा चेहरा वेव्हफॉर्मवर खाली दिसला तर त्याला उगाच वर ओढायचे नसते.

एक उदाहरण घेऊ. दोन कॅमेऱ्यांनी एक मुलाखत टिपली आहे. समोर पांढरा सदरा घातलेली व्यक्ती, मागे करडी भिंत, बाजूला काळी खुर्ची आणि वर 3200 केल्व्हिनचे दिवे. पहिल्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्यांच्या रंगानुसार पांढरे ठरवणारी सेटिंग, बरोबर आहे. दुसरा चुकून 5600 केल्व्हिनवर राहिला, त्यामुळे त्याचे चित्र नारिंगी आले. त्याच्या परेडमध्ये सदरा लालमध्ये 84, हिरव्यामध्ये 72 आणि निळ्यामध्ये 55 वर दिसतो. खुर्ची मात्र तिन्हींत 9 च्या आसपास आहे.

या आकड्यांतच निदान आहे. काळ्यात तिन्ही घटक जुळलेले आणि उजेडाच्या भागात फाकलेले, म्हणजे दोष प्रकाशाच्या रंगाचा आहे. तो गेनने सुधारतो, कारण गेनचा परिणाम वरच्या भागावर सर्वाधिक होतो. नवशिका इथे हमखास लिफ्ट, म्हणजे मुख्यतः काळ्या भागावर परिणाम करणारे नियंत्रण, निळ्याकडे ढकलतो. सदरा थोडासा सुधारतो आणि खुर्ची निळी पडते. योग्य क्रम असा : आधी तिन्ही घटकांचा लिफ्ट एकत्र खाली आणून खुर्ची 3 च्या आसपास बसवायची, मग लालचा गेन कमी आणि निळ्याचा जास्त करून दोन्ही हिरव्याच्या उंचीला आणायचे. त्यानंतर मधल्या छटांत, म्हणजे भिंतीत, काही फरक उरला तर तो गॅमाने काढायचा. शेवटी तिन्हींचा गेन एकत्र बदलून सदरा पहिल्या कॅमेऱ्यातल्या उंचीवर न्यायचा.

आता व्हेक्टरस्कोप. दुरुस्तीपूर्वी खुर्ची वगळता सगळा झुबका केंद्र सोडून नारिंगीकडे सरकलेला होता. दुरुस्तीनंतर सदरा, भिंत आणि खुर्ची केंद्रात गोळा होतात आणि चेहऱ्याची एक शेपटी त्वचेच्या रेषेवर उरते. इथे एक सापळा आहे. दिव्याची नारिंगी झाक जवळपास त्वचेच्याच दिशेने असते, त्यामुळे बिघडलेल्या शॉटमध्येही चेहरा रेषेवर दिसू शकतो. केवळ त्वचेची रेषा पाहून शॉट बरोबर ठरवणाऱ्यांना हा दोष दिसतच नाही. आधी रंगहीन वस्तू तपासावी, चेहरा नंतर. तोही चेहऱ्यापुरता मास्क लावून, म्हणजे स्कोपवर इतर काही मिसळत नाही.

दोन्ही शॉट जुळले की लुक वेगळ्या नोडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या पायरीत, दुरुस्तीच्या पुढे लावायचा. समजा सावल्यांत निळसर-हिरवी छटा हवी आहे. लुक चढल्यावर परेडच्या तळाशी निळा आणि हिरवा लालच्या वर जातात, व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या विरुद्ध दिशेला दुसरी शेपटी फुटते. आकड्यांच्या दृष्टीने आता काळा ‘चुकीचा’ आहे, पण ती चूक मागून घेतलेली आहे. तपासणी सोपी : लुकचा नोड बंद केला तर दोन्ही शॉट जुळलेले दिसावेत, चालू केला तर दोन्ही सारखेच बदलावेत. हाच थंड लुक दुरुस्त न केलेल्या नारिंगी शॉटवर लावला असता, तर दोन चुका एकमेकींना झाकून तो शॉट एकटा पाहताना ठीकही वाटला असता. पहिल्या कॅमेऱ्याच्या शॉटशेजारी ठेवताच बिंग फुटले असते. प्रसारणाच्या मर्यादेत व्हिडिओचा सिग्नल बसवण्याचे काम लुकच्याही नंतर येते, कारण लुकमुळेच तो पुन्हा मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

लॉग पद्धतीने, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाबून नोंदवण्याच्या पद्धतीने, टिपलेले चित्र मुळात फिके असते आणि त्याचा वेव्हफॉर्म मध्यावर दबलेला दिसतो. सोनीच्या एस-लॉग3 मध्ये नीट प्रकाशित पांढरा कागदही जेमतेम 61 वर येतो. हा दोष नव्हे. असे चित्र आधी रेक. 709 सारख्या प्रदर्शनाच्या मानकात रूपांतरित करावे आणि स्कोप रूपांतरानंतरचा वाचावा.

समोर काय आहे हे स्कोपला ठाऊक नसते. नारिंगी भिंतीने भरलेल्या चित्राचा झुबका केंद्राबाहेरच असणार. तो ओढून केंद्रात आणला तर भिंत करडी होईल. तसेच संध्याकाळच्या उन्हातला पांढरा सदरा पिवळसर दिसणे रास्त आहे, तिथे तिन्ही घटक काटेकोर जुळवण्यात अर्थ नाही. गेलेली माहितीही परत येत नाही. आलेखाचा माथा कापल्यासारखा सपाट दिसला तर तिथले तपशील संपले. गेन कमी केला की तीच सपाट रेघ खाली सरकते, पण तिच्यातून ढगाची कड उगवत नाही. फक्त लाल घटक सपाट झाला असेल तर साध्या वेव्हफॉर्मवर ते लपून जाते. चेहऱ्याच्या उजळ भागात मात्र पिवळट डाग दिसतो, आणि परेडमध्ये लालचा माथा कापलेला आढळतो. अशा वेळी त्या भागाचा गडदपणा कमी करून डाग सौम्य करणे, एवढेच हाती उरते.