कापलेला रास्टर जिल्ह्याच्या आकाराचा होतो का?

‘सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीने रास्टर कापला, की बाहेरचे पिक्सेल नाहीसे होतात ना?’

नाही. रास्टर ही ओळी-रकान्यांची जाळी असल्यामुळे कापल्यावरही ती आयताकृतीच राहते; हद्दीबाहेरच्या पिक्सेलना फक्त ‘नोडेटा’, म्हणजे ‘इथे माहिती नाही’ असे सांगणारे मूल्य मिळते, आणि ते मूळ फाइलमध्ये किंवा कापताना ठरवलेले नसेल, तर तिथे सहसा शून्य भरले जाते. उंचीच्या नकाशात हे शून्य समुद्रसपाटी म्हणून मोजले जाऊन जिल्ह्याची सरासरी उंची उगाच घसरते. दख्खनच्या पठारावरील सोलापूरची किमान उंची 0 मीटर दिसली, तर शंका घ्यायलाच हवी. QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Clip Raster by Mask Layer` वापरताना नोडेटा -9999 द्यावा. मात्र आठ-बिट रास्टरमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात, म्हणून तिथे त्यांतलाच एखादा न वापरलेला आकडा निवडावा.