कॉलेजची सरासरी ३८, विद्यार्थ्याची ११५: वर्गाच्या आकाराच्या दोन हिशेबांची पार्श्वभूमी

एका महाविद्यालयात एका सत्रात दहा वर्ग भरतात असे धरू. नऊ वर्गांचा पट प्रत्येकी २० आणि प्रास्ताविक विषयाच्या एका मोठ्या वर्गाचा पट २००. एकूण नोंदणी ३८०. तिला दहाने भागले की सरासरी ३८ येते आणि माहितीपत्रकात हाच आकडा छापला जातो. आता याच ३८० जणांना एकेक करून विचारा, ‘तुझ्या वर्गात किती जण आहेत?’ त्यातले २०० जण ‘दोनशे’ म्हणतील, १८० जण ‘वीस’ म्हणतील. या उत्तरांची सरासरी जवळपास ११५ निघते. कोणी खोटे बोललेले नाही, मोजणीतही चूक नाही, तरी एकाच महाविद्यालयाच्या दोन सरासऱ्यांत तिपटीचा फरक पडला. गंमत म्हणजे ३८ च्या आसपासचा एकही वर्ग तिथे नाही.

फरक येतो तो कोणाला एक मत दिले यावरून. कार्यालयाच्या हिशेबात प्रत्येक वर्गाला एक मत आहे, मग त्यात वीस जण बसोत की दोनशे. विद्यार्थ्यांच्या हिशेबात प्रत्येक विद्यार्थ्याला एक मत आहे, म्हणून दोनशेचा वर्ग दोनशे वेळा मोजला जातो आणि वीसचा वीस वेळा. मोठ्या वर्गाचा अनुभव घेणारेच जास्त असतात. अगदी टोकाचे उदाहरण म्हणजे ज्या वर्गात कोणीच नाव घातले नाही तो रिकामा वर्ग. तो विद्यार्थ्यांच्या मोजणीत येतच नाही, कारण त्याबद्दल सांगायला तिथे कोणी नसते.

ही गोष्ट शिक्षणाच्या संदर्भात नीट मांडली ती समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड आणि राज्यशास्त्रज्ञ बर्नार्ड ग्रॉफमन यांनी, १९७७ मध्ये, उच्च शिक्षणावरच्या एका संशोधनपत्रिकेत. मात्र मूळ कल्पना शिक्षणाच्या बाहेर कितीतरी आधी जन्मली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग आनुवंशिक विकारांचा अभ्यास करत होते. त्यांना आजारी मुलांमार्फत कुटुंबे सापडत, त्यामुळे ज्या घरात आजारी मुले जास्त ते घर नोंदीत येण्याची शक्यताही जास्त. सरळ टक्केवारी काढली तर विकार आहे त्यापेक्षा जास्त पसरलेला दिसायचा. नमुना कोणत्या वाटेने हाती आला त्याचा उत्तरावर होणारा हा परिणाम रोनाल्ड फिशर यांनी १९३४ मध्ये गणिती भाषेत तपासला. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सी. आर. राव यांनी १९६० च्या दशकात त्याला ‘भारित वितरणे’ असे व्यापक रूप दिले: मोठी गोष्ट निवडली जाण्याची शक्यता तिच्या आकाराच्या प्रमाणात वाढत असेल, तर हाती आलेला नमुना मूळ समूहाचा नव्हे, त्याच्या भारित रूपाचा असतो.

१९६९ मध्ये डी. आर. कॉक्स यांनी हाच प्रश्न कापडउद्योगातल्या तंतूंच्या बाबतीत सोडवला. धाग्यातला एखादा बिंदू निवडून तिथून जाणारे तंतू उचलले तर लांब तंतू जास्त हाती लागतात. त्यांनी दुरुस्तीही दिली, तिच्याकडे मी पुढे येतो, कारण ती वर्गांच्या बाबतीत फार उपयोगाची आहे. १९७६ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी दाखवले की ‘स्त्रियांना सरासरी किती मुले झाली’ आणि ‘मुलांच्या घरी सरासरी किती भावंडे होती’ ही दोन उत्तरे एकमेकांवरून थेट काढता येत नाहीत. मोठ्या कुटुंबातून आलेली मुलेच जास्त असतात, आणि ज्या स्त्रीला मूलच झाले नाही तिच्याबद्दल सांगणारे मूल नसते. रिकाम्या वर्गाचीच ही गत.

फेल्ड आणि ग्रॉफमन यांच्या मांडणीमागचे सूत्र लहानसे आहे. विद्यार्थ्याची सरासरी म्हणजे महाविद्यालयाची सरासरी अधिक एक भर. ही भर काढायची तर पटसंख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत याचे माप, त्यालाच त्याने गुणून त्याचा वर्ग काढायचा आणि त्याला महाविद्यालयाच्या सरासरीने भागायचे. आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन ५४ आहे. त्याचा वर्ग २९१६, भागिले ३८ केले की सुमारे ७६.७. त्यात ३८ मिळवले की ११४.७. विचलन शून्य असेल, म्हणजे सगळे वर्ग तंतोतंत सारखे असतील, तेव्हाच दोन्ही सरासऱ्या जुळतात. बाकी प्रत्येक वेळी विद्यार्थ्याची सरासरी मोठीच येणार, कारण विचलनाचा वर्ग कधी ऋण होत नाही.

हे केवळ पुस्तकी नाही, हे डेव्हिड हेमेनवे यांनी १९८२ मध्ये एका गणितविषयक मासिकातल्या अवघ्या दोन-तीन पानांच्या टिपणात दाखवले. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातल्या एका सत्राचे आकडे त्यांनी घेतले. अभ्यासक्रमांचा सरासरी पट १४.५ होता, पण विद्यार्थ्याच्या बाजूने मोजल्यावर तो ७८ च्या वर गेला. या सगळ्या फरकामागे मूठभर प्रचंड अभ्यासक्रम होते. बाकी बहुतेक वर्ग खरोखरच लहान होते, मात्र त्यांत बसणारे थोडे होते.

या सूत्रातून निघणारी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. शिक्षक तेवढेच, त्यांचे तास तेवढेच आणि विद्यार्थी तेवढेच असतील, तर महाविद्यालयाची सरासरी हलतच नाही. एकूण नोंदणी भागिले एकूण वर्ग, ही संख्या वाटणी कशीही केली तरी तीच राहते. विद्यार्थ्याची सरासरी मात्र वाटणीवरच ठरते. एका प्राध्यापकाला पाच जणांचे प्रगत चर्चासत्र दिले की उरलेल्या मुलांना दुसऱ्या कुठल्यातरी वर्गात दाटीने बसावे लागते. त्या पाच जणांना त्याचा मोठा लाभ होतो आणि त्याची किंमत इतर अनेकांच्या वर्गात थोडी थोडी वसूल होते. प्रगत चर्चासत्रे नकोत असे मी म्हणत नाही. अनेक विषय मोठ्या सभागृहात शिकवताच येत नाहीत. पण ती किंमत छापील सरासरीत कधीच उमटत नाही, हे निवड करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

हा विषय संशोधनपत्रिकांतून बाहेर आला तो अमेरिकेतल्या क्रमवाऱ्यांमुळे. ‘यूएस न्यूज’ने १९८३ मध्ये महाविद्यालयांची पहिली क्रमवारी काढली. पुढे तिच्यात वर्गाच्या आकाराचा निकष आला आणि तो वर्गागणिक मोजला जाई: २० पेक्षा कमी पट असलेल्या वर्गांचे प्रमाण किती, ५० किंवा त्याहून जास्त पट असलेल्यांचे किती. अशी सीमारेषा आखली की तिच्या अलीकडे-पलीकडे काय होणार ते चार वर्गांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. शंभर विद्यार्थी चार वर्गांत २५-२५ असे बसवले आहेत. वीसपेक्षा लहान वर्गांचे प्रमाण शून्य. आता तीन वर्गांना १९ वर कुलूप लावा आणि उरलेले ४३ जण चौथ्यात घाला. लहान वर्गांचे प्रमाण एकदम ७५ टक्के झाले. महाविद्यालयाची सरासरी २५ वरच राहिली. विद्यार्थ्याची सरासरी मात्र २५ वरून २९.३ वर गेली. म्हणजे क्रमवारीच्या निकषावर सुधारणा आणि विद्यार्थ्याच्या अनुभवात घसरण, दोन्ही एकाच फेरबदलाने.

२००९ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याने एका परिषदेत सांगितले की त्यांच्याकडे विशीच्या थोडे वर असलेले वर्ग विसाच्या आत आणले गेले आणि आधीच मोठे असलेले वर्ग आणखी वाढू दिले गेले. यावर मोठा गदारोळ झाला. गैर काही केल्याचे विद्यापीठाने नाकारले. २०२२ च्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाचे आकडे तपासले. वीसपेक्षा लहान वर्गांचे प्रमाण ८२.५ टक्के असल्याचा विद्यापीठाचा दावा होता. थॅडियस यांनी वर्गांची जाहीर यादी घेऊन एकेक पट मोजला आणि दावा टिकत नसल्याचे दाखवले. त्याच वर्षी विद्यापीठाने चूक मान्य केली, दुरुस्त आकडा ५७.२ टक्के निघाला. ‘यूएस न्यूज’ने २०२३ मध्ये क्रमवारीतून वर्गाच्या आकाराचा निकष काढूनच टाकला.

आता कॉक्स यांच्या दुरुस्तीकडे. समजा कार्यालयाची यादी मिळत नाही आणि हातात फक्त विद्यार्थ्यांची उत्तरे आहेत. त्यांची साधी सरासरी काढली तर ११५ येईल. पण त्यांचा हरात्मक मध्य काढला तर महाविद्यालयाची सरासरी परत मिळते. प्रत्येक उत्तराचा व्यस्त घ्या. दोनशेच्या वर्गातला प्रत्येक जण १/२०० देतो आणि असे दोनशे जण मिळून नेमका १ होतो. वीसच्या वर्गातले वीस जण १/२० प्रमाणे तसाच १ देतात. म्हणजे प्रत्येक वर्गाची बेरीज एक, एकूण दहा. ३८० ला दहाने भागले की ३८. ही तपासणी खऱ्या सर्वेक्षणात करताना एक पथ्य पाळावे लागते: पट विचारायचा, हजेरी नव्हे. मोठ्या वर्गात गैरहजेरी सहज खपते, त्यामुळे मुले बाके बघून अंदाज सांगतात आणि मोठ्या वर्गाचा आकडा खाली येतो.

उलट बाजूने जायचे तर अमेरिकेतली अनेक महाविद्यालये ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यात २ ते ९, १० ते १९, २० ते २९ असे गट असतात आणि प्रत्येक गटात किती वर्ग हे दिलेले असते. एकास एक मार्गदर्शन किंवा प्रबंधाचे काम त्यात धरत नाहीत, हे योग्यच आहे. प्रत्येक गटाचा मधला आकडा घेऊन, त्याला वर्गांच्या संख्येने गुणून, त्या प्रमाणात भार दिला की विद्यार्थ्याची सरासरी अंदाजाने काढता येते. शेवटच्या गटाशी मात्र गाडी अडते. तो ५० ते ९९ च्या पुढचा, नुसता ‘१०० आणि अधिक’ असा गट आहे, त्याला वरची मर्यादा नाही. आपल्या पहिल्या उदाहरणातला दोनशेचा वर्ग आठशेचा केला तरी तक्त्यात काहीच बदलत नाही: नऊ वर्ग २० ते २९ मध्ये, एक १०० च्या वर. महाविद्यालयाची सरासरी ३८ वरून ९८ होते आणि विद्यार्थ्याची ११५ वरून सुमारे ६५७. त्या एका रकान्यामागे नेमके किती जण बसले आहेत, ते विभागाच्या वेळापत्रकातून वर्गागणिक पट काढूनच कळते.